एक दिवसाआड आळस येत नाही

गाडी चालवताना आपण दुसऱ्यांबद्दल जे निकाल देतो ते जवळजवळ सगळे स्वभावाचे असतात. कट मारून पुढे गेला तो माजोरडा. सिग्नल हिरवा झाला तरी हलला नाही तो बावळट. उलट्या बाजूने आला तो बेशिस्त. तीच गोष्ट आपल्या हातून घडली की कारण रस्त्यात सापडतं: समोर खड्डा आला, मागून बस चिकटली, फलक झाडाआड होता. ऑफिसात पोचल्यावर हीच शिक्के मारण्याची सवय मस्टरपाशी सुरू राहते. उशिरा आला तो आळशी, मेलला उत्तर दिलं नाही ती शिष्ट.

ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये याला ‘फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर’ हे नाव दिलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण स्वभावाला जास्त वजन देतो आणि परिस्थितीला कमी, एवढाच त्याचा अर्थ. नाव आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण ही चूक रस्त्यावर एका कारणाने होते आणि ऑफिसात वेगळ्याच कारणाने, हे फारसं बोललं जात नाही. मला त्याबद्दल लिहायचं आहे, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

आधी रस्ता. पुढचा स्कूटरवाला अचानक आपल्या लेनमध्ये घुसतो. त्याने चुकवलेलं खचलेलं चेंबर त्याला दिसलं, आपल्याला दिसलं नाही, कारण मधे तो स्वतःच होता. परिस्थिती माणसाच्या आड लपते, हे इथे शब्दशः खरं आहे. फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ मध्ये हेच मांडलं होतं: माणसाची कृती इतकी ठळक असते की ती सगळं दृश्य व्यापून टाकते आणि भोवतालचं काही उरतच नाही.

पण नुसतं न दिसणं एवढंच कारण असतं, तर दिसल्यावर तरी आपण मत बदललं असतं. तसं दर वेळी होत नाही. का, ते डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रयोगातून दाखवलं, आणि तो प्रयोग मला प्रत्येक वाहनचालकाला सांगावासा वाटतो. विद्यार्थ्यांना एका तरुणीच्या छोट्या छोट्या फिती दाखवल्या. आवाज बंद होता. बहुतेक फितींत ती अस्वस्थ दिसत होती, चुळबुळ करत होती. ती कोणत्या विषयावर बोलते आहे हे पडद्यावर लिहून येत होतं. काहींना सांगितलं की विषय अगदी खासगी, कुणालाही संकोच वाटेल असे आहेत. काहींना सांगितलं की ती प्रवासासारख्या साध्या विषयांवर बोलते आहे. मग विचारलं, ही मुलगी स्वभावानेच घाबरट आहे का? ज्यांनी अवघड विषय वाचले होते त्यांनी सूट दिली: असं विचारल्यावर कुणीही चुळबुळ करेल.

खरी गंमत पुढच्या गटाची. निम्म्या विद्यार्थ्यांना फिती पाहतानाच ते विषय क्रमाने पाठ करायला सांगितले होते. म्हणजे परिस्थितीची माहिती त्यांच्या तोंडावर होती. तरीही त्यांनी सूट दिली नाही. अवघड विषय असोत की सोपे, मुलगी त्यांना सारखीच घाबरट वाटली.

गिल्बर्ट यांचं म्हणणं असं की हा निवाडा टप्प्याटप्प्याने होतो. ही व्यक्ती काय करते आहे ते आपण ओळखतो. त्यावरून ती कशी आहे ते ठरवतो. आणि मग परिस्थिती लक्षात घेऊन ते मत दुरुस्त करतो. पहिले दोन टप्पे जवळजवळ आपोआप घडतात. दुरुस्तीला मात्र मोकळं लक्ष लागतं, आणि ते दुसरीकडे गुंतलं असेल तर दुरुस्ती राहून जाते.

आता हा प्रयोग सकाळी साडेनऊच्या रस्त्यावर ठेवून पाहा. आरशात मागची गाडी, डावीकडून घुसणारी रिक्षा, क्लचवरचा पाय, सिग्नलचे उतरते आकडे, आणि डोक्यात ऑफिसची वेळ. सगळं लक्ष गाडी चालवण्यात खर्च होतं आणि तसंच व्हायला हवं. म्हणून चालत्या गाडीत तयार झालेलं मत हे दुरुस्त न केलेलं मत असतं. त्या क्षणी ते टाळता येईल असं मला वाटत नाही. पण ते घेऊन गाडीतून उतरायचं, लिफ्टमध्ये सांगायचं, आणि संध्याकाळपर्यंत ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ असा सिद्धान्त करायचा, हे नक्की टाळता येतं. उतरल्यावर लक्ष मोकळं झालेलं असतं आणि राहिलेला टप्पा तेव्हा पुरा करता येतो.

इथे एक लोकप्रिय सल्ला मला मुळीच पटत नाही: ‘कट मारून गेला तो कदाचित हॉस्पिटलला निघाला असेल, असं समजा.’ हीसुद्धा आपण रचलेलीच गोष्ट आहे, फक्त गोड. काही न पाहता आधी खलनायक केला, आता काही न पाहताच दुःखी माणूस केला. त्यापेक्षा रस्ता पाहावा. हॅरॉल्ड केली यांनी १९६७ मध्ये यासाठी तीन साधे प्रश्न दिले. याच ठिकाणी बाकीचेही असंच वागतात का? हा माणूस दुसऱ्या ठिकाणीही असंच वागतो का? आणि हे वारंवार घडतं का?

पुण्याच्या बाह्यवळण मार्गालगत राहणाऱ्यांना उलट्या बाजूने येणारी वाहनं परिचयाची आहेत. समजा, सोसायटीच्या गेटपासून शाळा तीनशे मीटरवर आहे, पण नियमाने जायचं तर पुढच्या पुलाखालून वळून अडीच किलोमीटर पडतात. त्या गेटातून निघणारे निम्म्याहून जास्त लोक उलटे जातात. त्यात शिक्षक असतात, डॉक्टर असतात, एरवी झेब्रा पट्ट्याच्या आधी थांबणारे असतात. तीच माणसं दुसऱ्या रस्त्यावर उलटी जात नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं, की कारण त्या दुभाजकात आहे. उलटं जाणं तरीही धोक्याचंच, समोरून येणाऱ्याचा जीव जाऊ शकतो, आणि दंड व्हायलाच हवा. पण नुसत्या दंडाने ते ठिकाण सुधारणार नाही. पोलीस हलला की रांग पुन्हा सुरू. तिथे वळणाची सोय किंवा अखंड सेवा रस्ता लागतो. ‘लोक अडाणी आहेत’ असं म्हटलं की ती मागणी करायचं कारणच उरत नाही, आणि या चुकीचं मला सर्वात जास्त वाईट वाटतं ते यासाठी.

आपल्याला परिस्थिती पाहता येत नाही असं मुळीच नाही. जोन मिलर यांचा १९८४ चा अभ्यास शिकागो आणि आपल्या म्हैसूरमध्ये झाला, आणि त्यात एक वाहन अपघातच आहे. म्हैसूरच्या एकाने सांगितलेली हकिगत: मोटारसायकलचं मागचं चाक फुटलं, मागे बसलेला माणूस पडून डोक्याला मार लागला. चालवणारा वकील होता. त्याने जखमीला दवाखान्यात पोचवलं आणि दुखापत किती गंभीर आहे याची चौकशी न करता तो कोर्टात निघून गेला. जखमी माणूस दगावला. ही हकिगत अमेरिकन लोकांना सांगितली तेव्हा त्यांचा कल ‘वकील बेजबाबदार’ असं म्हणण्याकडे होता. म्हैसूरकरांनी मात्र कोर्टातल्या अशिलाप्रति त्याचं कर्तव्य होतं, तो गोंधळला असेल, जखम वरून गंभीर दिसली नसेल, अशी कारणं दिली. दोन्हीकडची आठ वर्षांची मुलं जवळपास सारखाच विचार करत होती. फरक मोठेपणी पडत गेला. म्हणजे भोवताल बघायला आपण वाढता वाढता शिकतो. फक्त म्हैसूरची ती माणसं शांत बसलेली होती आणि त्यांना पूर्ण हकिगत सांगितलेली होती. रस्त्यावर शांतपणा मिळत नाही. ऑफिसात शांतपणा असतो, पण हकिगत कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

मस्टरला एकच रकाना असतो. यंत्रावर बोट टेकवलं की वेळ उमटते, दहा मिनिटांपुढे लेट मार्क लागतो, तीन लेट मार्कांना अर्धी रजा कापली जाते. माणूस कुठून आला, काय ओलांडून आला, याला त्या कागदावर जागा नाही.

माझ्या ओळखीच्या एका ताई कल्याणच्या पुढून मुंबईत नोकरीला येतात. त्यांच्या वरिष्ठांचं मत झालं होतं की बाईंना नोकरीचं गांभीर्य नाही. महिन्याचं हजेरीपत्रक समोर ठेवलं तेव्हा मला वेगळंच दिसलं. लेट मार्क विखुरलेले नव्हते. एक दिवस वेळेवर, एक दिवस उशीर, पुन्हा वेळेवर, पुन्हा उशीर. मधे रविवार आला तरी पाळी पुढे तशीच चालू. आळस असा एक दिवसाआड येत नाही. त्यांच्या भागात नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि तेही सकाळी, लोकल पकडायच्या वेळेलाच. पिंपं भरल्याशिवाय निघता येत नाही. कल्याणच्या पुढे गाड्या कमी, त्यामुळे घरून पाच मिनिटं उशीर झाला की ऑफिसात पंचवीस मिनिटं होतात. त्याच विभागातल्या, त्याच गावाहून येणाऱ्या आणखी एका कर्मचाऱ्याच्या पत्रकातही तेच दिवस होते. त्यांचे वरिष्ठ वेगळे, म्हणून दोन्ही पत्रकं कुणी शेजारी ठेवलीच नव्हती.

ताईंनी आधी का सांगितलं नाही? मी विचारलं. त्या म्हणाल्या, “पाण्याचं कारण सांगितलं तर ते बहाणाच वाटणार ना?” एकदा आळशी ठरल्यावर खरं कारणही स्वभावाच्या खात्यात जमा होतं, म्हणून माणसं गप्प बसतात.

केली यांचे तेच प्रश्न उलट उत्तरही देतात. एखादा माणूस स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावर राहतो, त्याच्या शेजारचे वेळेवर येतात, तो मात्र मीटिंगला, जेवणानंतर, सहलीच्या बसलासुद्धा उशिराच येतो. तिथे स्वभावाकडे बोट दाखवायला माझी हरकत नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला तर परिस्थितीचा आडोसा देऊच नये. आणि स्वतःला नेहमी सूट, दुसऱ्याला कधीच नाही, हे सरसकट विधानही टिकत नाही. बर्ट्रम माले यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वागण्याची कारणं देण्यात सरासरी फरक जवळजवळ शून्य निघाला. फरक उरला तो वाईट घटनांत. उशीर, धडक, चूक, म्हणजे नेमकं जिथे कुणाची रजा कापली जाते किंवा कुणाला शिवी बसते तिथे.

ताईंची वेळ आता पाण्याच्या दिवशी अर्धा तास पुढे आणि संध्याकाळी अर्धा तास जास्त अशी करून मिळाली आहे. दुसऱ्या कर्मचाऱ्याचा अर्ज अजून त्यांच्या वरिष्ठांच्या टेबलावर आहे.

तुमच्या रोजच्या रस्त्यावर अशी जागा असेल, जिथे एरवी सरळ वागणारी माणसंसुद्धा नियम मोडतात, तर खाली लिहा. नुसतं नाव नको. कोणत्या वेळी, कुठून कुठे जाताना, आणि नियमाने गेलं तर किती लांब पडतं, तेवढं लिहा. वॉर्ड ऑफिसला अर्ज देताना हीच माहिती लागते.