वेलकम मेल कुलपात आणि पोरगी गेटवर

सोमवारी सकाळी पावणेनऊला गेटवरच्या मामांचा फोन. "साहेब, एक पोरगी आलीया. तुमच्याकडं नवीन लागलीय म्हणती. कुणाला भेटायचंय इचारलं तर म्हाईत न्हाई म्हणती. सोडू का आत?"

गेलो गेटवर. पाठीला सॅक, हातात ऑफर लेटरची प्रिंट, रडकुंडीला आलेला चेहरा. तासगावहून पहाटे उठून एसटीनं आलेली. सांगली स्टँडला उतरली आणि तिथून वडापनं कुपवाड एमआयडीसी शोधत आली. माधवनगरला उतरून आली असती तर एवढी वणवण झाली नसती. पण सांगणार कोण?

"तुला मेल नाही आला?" मी विचारलं.

"नाही सर. रोज बघत होते. स्पॅमपण बघितलं."

मग एचआरला फोन. तिकडून थंड आवाजात उत्तर, "वेलकम मेल गेलाय की सर. शुक्रवारी संध्याकाळी 5:52 ला. सिस्टिमला दिसतोय."

गेला होता, खरंच गेला होता. पण कुठं? तिच्या कंपनीच्या मेल आयडीवर! जो आयडी शुक्रवारीच तयार झाला, ज्याचा पासवर्ड तिला कुणी दिलेला नाही, आणि तो उघडायचा कसा हे त्याच मेलमध्ये लिहिलंय. किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं आणि वर पाहुण्याला सांगितलं, किल्ली आत आहे, घ्या. ऑफर लेटर तिच्या स्वतःच्या मेलवर गेलं होतं ना? कागदपत्रं मागवली ती त्याच मेलवर ना? मग हा एकच मेल, ज्याची तिला खरी गरज होती, तो तिथं पाठवायला काय हात दुखत होते?

मला संताप आला तो इथं नाही, पुढं आला. पासवर्ड आयटीनं तिच्या मॅनेजरला पाठवला होता. मॅनेजर पुण्यात रिव्ह्यूला. साडेदहाला त्यांनी मला पासवर्ड फोनवर सांगितला. टाकला. लगेच स्क्रीनवर आलं, फोनवर ऑथेंटिकेटर अॅप घ्या आणि क्यूआर स्कॅन करा. पोरीचा फोन कुठं? गेटवर, मामांच्या लॉकरमध्ये! ट्रेनीचा मोबाइल आत आणायचा नाही हा आमचाच नियम. मी परत गेटवर. सही करून फोन आणला तर मामांनी नियमाप्रमाणं कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवलेला. आता स्कॅन कशानं करायचं?

मामांची चूक नाही. ते त्यांचं काम चोख करतात, या सगळ्या प्रकरणात चोख काम केलेला तो एकच माणूस. शेवटी क्यूआरखाली हातानं कोड टाकायची सोय असते ती वापरली. अॅपमध्ये खातं जोडताना कोड टाइप केला की झालं, कॅमेरा लागतच नाही. आमच्या आयटीतल्या पोराला हे ठाऊक आहे. मेलमध्ये एक ओळ लिहायला ठाऊक नाही. हे अॅप घरूनच फोनवर घेऊन ये, क्यूआर स्कॅन न झाल्यास कोड टाक, एवढी एक ओळ असती तर माझे दीड तास आणि तिचा अर्धा दिवस वाचला असता.

12:10 ला मेलबॉक्स उघडला आणि तो सुप्रसिद्ध वेलकम मेल आम्ही दोघांनी मिळून वाचला. पहिले तीन परिच्छेद आमच्या कुटुंबात स्वागत, आमची मूल्यं, आमचा प्रवास. मग हेड ऑफिसचा नकाशा. पुण्याचा! बेसमेंटला गाडी कुठं लावायची तेपण. कुपवाडला लागलेल्या पोरीला. त्याखाली पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक. "सोमवार, 10 वाजता, बडीसोबत परिचय." बडी, म्हणजे नव्याला सांभाळून घेणारा जुना माणूस, म्हणून नाव माझं. मला कळवलं? सीसीत तरी ठेवलं? मी बडी आहे हे मला त्या पोरीच्या स्क्रीनवर, दहाची वेळ टळून दोन तास झाल्यावर कळलं. चौदा वर्षं झाली इथं. गेल्या वर्षी असंच ट्रेनर्सच्या यादीत नाव घालून ठेवलं होतं, तेही मला हॉलमध्ये बोलवायला माणूस आला तेव्हा समजलं.

"मंगळवार, 10 ते 1, शॉप फ्लोअर." वाचायला बरं वाटतं. पण सेफ्टी शूजशिवाय आमच्याकडं पिवळ्या रेषेच्या आत पाय टाकता येत नाही, आणि तो नियम बरोबरच आहे. तिकडं फोर्कलिफ्ट फिरतात, जमिनीवर कूलंट असतं. स्टोअरला गेलो. तिच्या पायाचा नंबर 4. स्टोअरमध्ये सगळ्यात लहान जोड 6 चा. स्टोअरवाला म्हणाला, "मागवावं लागंल, चार दिस." एका ओळीचा प्रश्न होता, पायाचा नंबर काय. ऑफर स्वीकारली त्या दिवशी विचारला असता तर जोड टेबलावर तयार असता. त्याऐवजी मंगळवारी ती काचेच्या आडून मशिनी बघत उभी राहिली. मेकॅनिकल इंजिनिअर झालेली पोरगी, काचेच्या आडून.

आणि अॅक्सेस! मेलमध्ये एक वाक्य, "आवश्यक सिस्टिम अॅक्सेस पहिल्या आठवड्यात देण्यात येईल." कोण देणार? कुणी मागायचा? बुधवारी सॅपला, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर आमचा स्टॉक आणि खरेदी चालते त्याला, लॉगिन मिळालं. MD04 टाकलं, जे प्लॅनिंगवाल्याचं रोजचं मीठ-भाकर आहे, कुठल्या पार्टचा किती स्टॉक आणि किती मागणी ते तिथं दिसतं. स्क्रीनवर खाली आलं, You are not authorized to use transaction MD04. तिनं आयटीला मेल केला, अॅक्सेस नाही. त्यांनी उत्तर दिलं, कोणता अॅक्सेस? तिनं विचारलं, कोणता लागतो? दोन दिवस हा पत्रव्यवहार! शुक्रवारी माझ्या कानावर आलं. मी तिला शेजारी बसवलं आणि तेच MD04 परत चालवून तो संदेश येताच लगेच हे टाकायला लावलं:

```
/nSU53
```

ही स्क्रीन शेवटची कुठली परवानगी नाकारली गेली ते नावासकट दाखवते. मध्ये दुसरं काही चालवायचं नाही, नाहीतर दुसऱ्याच कशाचा नकार समोर येतो. तिचा स्क्रीनशॉट पाठवला की आयटीला विचारायला काही उरत नाही. आमचं काम वीस मिनिटांत झालं. दोन दिवसांच्या जागी वीस मिनिटं.

तेवढ्यात आयटीवाला मला म्हणतो, "सर, तुमच्यासारखाच अॅक्सेस कॉपी करून देऊ का? सोपं पडेल." अजिबात नको! माझ्या आयडीला चौदा वर्षांचा गाळ चिकटलाय. मी मध्ये दोन वर्षं स्टोअर सांभाळलं, तेव्हाची माल जमा करायची परवानगी अजून काढलेली नाही. खरेदीची मागणीही मीच टाकू शकतो आणि माल आला असं जमाही मीच करू शकतो. हे एका माणसाकडं असूच नये, ऑडिटवाले बरोबर तेच धरतात. आणि हे सगळं पाचव्या दिवशीच्या पोरीच्या गळ्यात बांधायचं, का तर सोपं पडतं म्हणून? नवीन माणसाला त्याच्या कामाचे रोल द्या. प्लॅनिंगला बघायचं काय आणि बदलायचं काय, याचा कागद डिपार्टमेंटनं एकदा करून ठेवायचा. तो मी आता केलाय, अर्ध्या पानात मावला.

सव्वानऊच्या प्रोडक्शन मीटिंगला ती गुरुवारपर्यंत आलीच नाही. साहेब म्हणाले, नवीन मुलगी दिसत नाही, इंटरेस्ट नाही वाटतं. हे ऐकून माझं डोकं फिरलं. तिला बोलावणंच नव्हतं! मीटिंगचं निमंत्रण जानेवारीत डिस्ट्रिब्यूशन लिस्टला गेलंय. पाठवलं त्या दिवशी लिस्टमध्ये जे होते त्यांच्या कॅलेंडरला ते बसलं. नंतर लिस्टमध्ये नाव घातलं म्हणून मागचं निमंत्रण आपोआप येत नाही. ज्यानं मीटिंग ठेवलीय त्यानं तिचं नाव घालून परत पाठवावं लागतं. दर नवीन माणसाच्या वेळी हेच होतं, आणि दरवेळी तो माणूस बेफिकीर ठरतो. पहिल्याच आठवड्यात!

"भेटायची माणसं" म्हणून अकरा नावांची यादी. नाव आणि हुद्दा. कशासाठी भेटायचं, कुठं बसतात, काही नाही. त्यातले डिस्पॅचचे एकजण गणपतीआधीच नोकरी सोडून गेले. ती बिचारी त्यांना शोधत डिस्पॅचला दोन चकरा मारून आली, आणि तिथली पोरं हसली तिला.

शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर बसलो आणि तो मेल नव्यानं लिहिला. असा लिहिला:

"तुमच्या स्वतःच्या मेलवर हे पाठवतोय. सोमवारी 8:45 ला कुपवाडच्या 2 नंबर गेटवर या. तासगावकडून येत असाल तर माधवनगरला उतरा. गेटवर माझं नाव सांगा, मामांना कळवून ठेवलंय. आधार, पॅन, कॅन्सल चेक, दोन फोटो आणि आधीचा पीएफ नंबर असेल तर तो आणा. पायाचा नंबर आजच कळवा. ऑथेंटिकेटर अॅप घरूनच फोनवर घ्या. फोन गेटवर जमा होतो, पहिल्या दिवशी तो तासभर आत आणायची परवानगी घेतलीय. सोमवारी फक्त कागदपत्रं, सेफ्टीचं ट्रेनिंग आणि लॉगिन. मंगळवारी शॉप फ्लोअर, माझ्यासोबत. सॅपची रिक्वेस्ट मी टाकलीय, बुधवारपर्यंत मिळावी. नाही मिळाली तर मला सांगा, तुम्ही आयटीच्या मागे लागू नका. या आठवड्यात तीनच माणसांना भेटा. स्टोअरला, कारण स्टॉक कागदावर एक आणि रॅकवर एक असतो. टूल रूमला, कारण डाय दुरुस्तीला असेल तर प्लॅन हलतो. आणि डिस्पॅचला, कारण गाडी किती वाजता निघते ते तिथं कळतं. डबा आणा किंवा कॅन्टीनचं कूपन माझ्याकडून घ्या."

एवढंच. स्वागत, कुटुंब, मूल्यं यातलं काही नाही. शनिवारी एचआरला दिला. म्हणाल्या, "छान आहे सर, पण टेम्प्लेट हेड ऑफिसचं आहे. आयडी तयार झाला की सिस्टिममधून आपोआप जातो. बदलायला अप्रूव्हल लागेल."

अप्रूव्हल! माधवनगरला उतरा हे सांगायला पुण्याचं अप्रूव्हल!

तिचे शूज त्याच दिवशी दुपारी आले. 4 नंबर. घालून पहिल्यांदा मशिनशेजारी उभी राहिली तेव्हा तिनं ऑपरेटरला लागोपाठ सात प्रश्न विचारले. सहा दिवस हे प्रश्न पोटात घेऊन ती काचेच्या आड बसली होती.

1 तारखेला क्वालिटीला एक पोरगा येतोय, विट्याचा. त्याचाही मेल कुलपातच जाणार आहे. एचआरकडून त्याचा नंबर भांडून घेतलाय. जेवण झालं की लावतो फोन, आधी पायाचा नंबर विचारतो.