१०० चा प्लॅन आणि १२ चा आकडा

"सावधान! कंपन्या १०० एमबीचं इंटरनेट म्हणून पैसे घेतात आणि देतात फक्त १२ एमबी. ८८ टक्के स्पीड सरळ चोरतात! विश्वास नसेल तर एखादी मोठी फाइल डाउनलोड करून स्वतःच बघा. घरात माणशी ५० तरी धरा, चार माणसं असतील तर २०० च्या खाली प्लॅन घेऊच नका. व्हिडिओ कॉल अडकत असेल तर प्लॅन छोटा आहे, लगेच वाढवा. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. आधी त्यातलं चोरीचं बघू. प्लॅनवर लिहिलेलं असतं Mbps, आणि ब्राउझर फाइल उतरवताना दाखवतो MB/s. छोटा b म्हणजे बिट, मोठा B म्हणजे बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० ला आठाने भागलं की १२.५ येतात. त्यातलेही सगळे आपल्या फाइलचे नसतात. डेटा पाकिटांमधून येतो, एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात, आणि प्रत्येक पाकिटाबरोबर पत्ता, क्रमांक, तपासणीचा आकडा असा मजकूर जातो. त्यात साधारण ५ टक्के खर्च होतात. म्हणजे १०० मेगाबिटच्या लाइनवर फाइल उतरताना ११ ते १२ MB/s दिसणं ही वरची मर्यादा झाली. ज्या आकड्याला चोरीचा पुरावा म्हणून फिरवलं जातंय, तो लाइन पूर्ण मिळत असल्याचा पुरावा आहे.

मग आकडा मोठा दिसावा म्हणून कंपन्यांनी बिट शोधून काढले का? मोठा आकडा त्यांना आवडतो, यात शंका नाही. पण तारेवरचा वेग बिटांत मोजायची पद्धत त्यांच्या कितीतरी आधीची आहे. तारेवरून एकामागून एक बिटच जातात, म्हणून दर सेकंदाला किती बिट हे माप. फाइल मात्र डिस्कवर बाइटांत साठते, म्हणून तिचं माप वेगळं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाही मॉडेमचा वेग बिटांतच सांगायचे. पुढे ५६ के मॉडेम आले, तेही ५६ किलोबिटच. चार एमबीचं गाणं उतरायला दहा-बारा मिनिटं लागायची आणि मध्येच कुणी फोन उचलला तर पहिल्यापासून सुरुवात. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्याही बिटांतच आहे. २०२३ मध्ये ती किमान मर्यादा ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट केली.

कमी वेग मिळणं हा प्रकार अर्थात होतो, पण तो वेगळ्या रीतीने ओळखायचा. लॅपटॉपला राउटरची केबल लावा, वाय-फाय बंद करा, बाकीची यंत्रं थांबवा, आणि fast.com उघडा. एकदा सकाळी अकराला, एकदा रात्री साडेनऊला. ही साइट आकडा Mbps मध्येच देते, त्यामुळे भागाकार नको. सकाळी ९५ आणि रात्री रोज ३० येत असतील, तर तुमच्या भागातली लाइन जास्त घरांत वाटली गेली आहे. तक्रार तेव्हा करावी, आणि दोन्ही वेळांचे स्क्रीनशॉट जोडून करावी. दिवसभर सगळं ठीक आणि महिन्याच्या शेवटी एकदम मुंगीच्या पावलांनी चालतंय, असं असेल तर डेटाची मर्यादा संपली का ते बघा. "अनलिमिटेड" प्लॅनलाही बहुतेक वेळा मर्यादा असते, ती बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

आता माणशी ५० चा हिशोब. वेग माणसं खात नाहीत, त्या क्षणी चालू असलेली कामं खातात. झोपलेल्या आजोबांसाठी ५० मेगाबिट राखून ठेवायचं कारण नाही. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ मेगाबिट पुरतात. यूट्यूब फोर-केसाठी २० सांगतं. ऑफिसच्या ग्रुप व्हिडिओ कॉलला जाताना-येताना मिळून चार-पाच मेगाबिट पुष्कळ झाले.

माझ्या आत्येबहिणीचं घर घेऊ. डोंबिवलीत टू बीएचके, माणसं पाच. सगळ्यात गर्दीची वेळ रात्री साडेनऊची, म्हणून हिशोब त्याच वेळेचा करायचा. हॉलमधल्या टीव्हीवर फोर-केमध्ये काहीतरी चालू, त्याचे २० धरू. भाओजींचा अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल, ४. भाची क्लासचं रेकॉर्डिंग फुल एचडीत बघतेय, ५. सासूबाई फोनवर मालिकेचा चुकलेला भाग बघतायत, ३. बेरीज ३२. फोनचे अपडेट, फोटोंचा बॅकअप असं न सांगता चालणारं बरंच असतं, त्यासाठी निम्म्याने वाढवलं तरी ४८. म्हणजे पाच माणसांच्या भरल्या घराला ५० पुरतात. टीव्ही फुल एचडी असता तर बेरीज १७ आणि वाढवून २६, तिथे ३० चा प्लॅनही कसाबसा निभला असता. शिवाय व्हिडिओ सलग येत नाही. पुढचे काही सेकंद झटक्यात उतरवून तो थांबतो, मग पुन्हा उतरवतो. त्यामुळे प्रत्यक्षात या बेरजेइतका भार क्वचितच सलग पडतो.

राहिला भाचा. तो ८० जीबीचा गेम उतरवतो, आणि या हिशोबाला तोच सुरुंग लावतो. मोठं डाउनलोड मिळेल तेवढा सगळा वेग घेतं, ५० असो वा २००. ८० जीबी म्हणजे ६४० गिगाबिट. ५० वर साडेतीन तास, १०० वर पावणेदोन, २०० वर तासाला थोडे कमी. महिन्यातून एकदा येणाऱ्या या तीन तासांसाठी वर्षभर मोठा प्लॅन भरायचा, की गेम रात्री झोपताना लावायचा, हे घरातल्यांनी ठरवावं. गेम उतरवायच्या स्टीम ॲपच्या सेटिंगमध्ये डाउनलोडचा वेग बांधून ठेवायची सोय आहे. स्टीम वेग MB/s मध्ये दाखवत असेल, तर तेही तिथेच बिटांत बदलता येतं.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा, कॉल अडकला की प्लॅन वाढवा, मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. ताईकडे नेमकं हेच झालं. भाओजींचा कॉल बेडरूममध्ये अडकायचा. केबलवाल्या पोराने सांगितलं, "साहेब, २०० घ्या, सगळं सुटेल." घेतले. कॉल तसाच अडकत राहिला, आणि केबल लावून चाचणी घेतली तर आकडा ९४ च्या वर जाईना. चाचणी कितीदा घ्या, ९४ नाहीतर ९३.

९४ दिसले की संशय लाइनवर घ्यायचा नाही, तारेवर घ्यायचा. १०० मेगाबिटचं पोर्ट पाकिटांचा खर्च जाऊन साधारण एवढंच देतं. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघितला, 1000/1000 (Mbps), म्हणजे लॅपटॉप ते राउटर ही केबल ठीक. राउटरची पोर्ट गिगाबिटची होती. मग दाराजवळच्या फायबरच्या डबीपासून राउटरपर्यंत आलेली वायर काढली आणि तिचं पारदर्शक टोक उजेडात धरलं. आठ खाचांपैकी चारच खाचांत तारा होत्या. गिगाबिटला आठही लागतात, चार तारांवर गाडी १०० च्या पुढे जातच नाही. पोराने उरलेल्या चार तारा कापून टाकल्या होत्या, बहुधा टोक बसवायला सोपं जावं म्हणून. टोक नव्याने बसवल्यावर आकडा १९० च्या आसपास गेला.

कॉल मात्र तरीही अडकतच होता, आणि अडकणारच होता. कॉलला चार मेगाबिट हवेत, ते ९४ मधूनही मिळत होते. कॉलला खरं लागतं ते पाकिटं वेळेवर पोचणं. ते तपासायला भाओजींच्या टेबलावरूनच, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवलं:

```
ping -n 50 192.168.1.1
```

हा राउटरचा पत्ता. तुमच्याकडे 192.168.0.1 किंवा आणखी वेगळा असेल, राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर सापडतो. यातली पाकिटं घराबाहेर जातच नाहीत, फक्त राउटरपर्यंत जाऊन परत येतात. त्यामुळे इथे गडबड दिसली तर कंपनी सुटली, दोष घरातला. राउटरजवळ उभं राहून चालवलं तर जाऊन यायला १ ते ३ ms, म्हणजे मिलिसेकंद, लागत होते. बेडरूममधून १८०, ४०, २६०, मध्येच Request timed out. राउटर हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीमागे होता, आणि त्याच्या नि टेबलाच्या मध्ये भिंतीला लागून लोखंडी कपाट. वर लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला. हा बँड लांब पोचतो खरा, पण त्यात एकमेकांवर न चढणारी तीनच चॅनेल असतात, आणि इमारतीतली बहुतेक सगळी राउटरं त्याच तीनांत कोंबलेली असतात.

राउटर पॅसेजमध्ये उंचावर लावला आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडला. बेडरूममधून ३ ते ६ ms, पन्नासातलं एकही पाकीट हरवलं नाही. कॉल सुरळीत झाला आणि ताईने पुढच्या महिन्यात प्लॅन परत १०० वर आणला. ५० पुरले असते, पण भाच्याच्या गेमचा हट्ट.

राउटरपर्यंतचं पिंग स्वच्छ असूनही कॉल अडकत असेल, तर कुणाच्या तरी फोनवरून फोटो-व्हिडिओंचा बॅकअप वर जातोय का ते बघा. अपलोड भरून गेलं की कॉलची पाकिटं रांगेत ताटकळतात. डाउनलोड मोकळं दिसतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. बॅकअप थांबवून लगेच कॉल लावून बघा, उत्तर तिथल्या तिथे मिळतं. थांबवल्यावर सुधारणा झाली तर बॅकअपची वेळ रात्रीची ठेवा.

मोठा प्लॅन कुणाला खरोखर लागतो? वर पाठवायचं काम ज्याचं आहे त्याला. लग्नाचं शूटिंग करणारा मुलगा एका समारंभाचं ६० जीबी एडिटरला पाठवतो. ४० मेगाबिट अपलोडवर त्याला तीन तास वीस मिनिटं लागतात, १०० वर एक तास वीस मिनिटं. सीझनमध्ये आठवड्याला तीन-तीन समारंभ असले की हा फरक खिशाला कळतो. त्याने मात्र प्लॅन घेताना जाहिरातीतला मोठा आकडा बघू नये, अपलोडचा आकडा वेगळा विचारून घ्यावा. फायबरवर तो बऱ्याचदा डाउनलोडइतकाच असतो. जुन्या कॉपर लाइनवर, सिमवर चालणाऱ्या राउटरवर किंवा काही स्थानिक केबलवाल्यांकडे तो निम्म्याहूनही कमी निघू शकतो.