पासवर्ड तोच आहे, नोटीस किरकोळ आहे

वीस-पंचवीस वर्षे एका घराचे कर आणि हिशेब पाहिलेल्या माणसाने निवृत्त होताना पुढच्या सल्लागारासाठी जी टिपण लिहायची, ती अर्ध्या पानात उरकता येते यावर माझा विश्वास नव्हता. दिवाळीनंतर आमच्या अकाउंटंट काकांनी जो कागद हाती ठेवला, त्याने तो भ्रम दूर केला. कागदावर तारीख नाही. आईच्या नावाखाली चार ओळी आहेत : 'एक नोटीस प्रलंबित (किरकोळ). कॅपिटल गेनचे खाते बँकेत आहे. व्हॅल्युएशन झालेले आहे. पासवर्ड तोच आहे.' तोच म्हणजे कोणता? ज्याच्यासाठी ही टिपण लिहिली, त्या नव्या सीए मॅडमनी आम्हाला त्यापूर्वी कधी पाहिलेही नव्हते.

आधी त्या 'किरकोळ' नोटिशीचे सांगतो. आईने नौपाड्यातील १९९४ साली घेतलेला फ्लॅट १८ ऑगस्ट २०२३ रोजी ९५ लाखांना विकला. घर २००१ पूर्वीचे असल्यामुळे १ एप्रिल २००१ रोजीची त्याची रास्त बाजारभाव किंमत, म्हणजे १२ लाख, धरली गेली. २००१-०२ चा महागाई निर्देशांक १०० आणि २०२३-२४ चा ३४८ असल्याने ती ४१ लाख ७६ हजार झाली आणि भांडवली नफा ५३ लाख २४ हजार निघाला. त्यातील ३० लाख घोडबंदर रोडवरील बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटसाठी विवरणपत्र भरण्यापूर्वीच बिल्डरला दिले होते, उरलेले २३ लाख २४ हजार ३१ जुलै २०२४ च्या आत कॅपिटल गेन खात्यात, म्हणजे नव्या घरासाठी नफा राखून ठेवण्याच्या बँक खात्यात जमा केले, आणि घराचा नफा नव्या घरात घातल्यास सूट देणाऱ्या कलम ५४ खाली संपूर्ण नफ्यावर सूट मागितली. इथपर्यंत काकांचे काम चोख होते, हे मान्य करायलाच हवे. पण विवरणपत्र तपासणीत निघाले, जून २०२५ मध्ये कलम १४३(२) ची नोटीस आली, आणि ऑक्टोबरमध्ये कलम १४२(१) खाली कागदपत्रांची मागणी आली. ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर दिले नाही, तर अधिकारी समोर असलेल्या माहितीवर कलम १४४ खाली स्वतःच्या अंदाजाने आकारणी करू शकतो. सूट नाकारली गेली असती तर नुसता २० टक्क्यांचा करच साडेदहा लाखांच्या वर गेला असता. अधिभार, उपकर आणि व्याज निराळे. याला किरकोळ म्हणणाऱ्या माणसाच्या हिशेबी मोठे काय असते, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

आता कुणी विचारेल की नोटीस आईला दिसली कशी नाही. दिसणार कुठून? पोर्टलवर आईच्या पॅनपुढे मुख्य ईमेल आणि मुख्य मोबाइल म्हणून काकांचाच पत्ता आणि काकांचाच नंबर होता. आजही कित्येक घरांत सोय म्हणून हेच केलेले असते. आयकर खात्याच्या दृष्टीने नोटीस खात्यात चढली आणि नोंदवलेल्या ईमेलवर गेली की बजावणी झाली. तो ईमेल कुणाचा आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. 'तोच' पासवर्ड न सापडल्याने आम्ही आधार-ओटीपीने नवा पासवर्ड घेतला, संपर्काचा तपशील बदलला, आणि `Pending Actions` मधील `e-Proceedings` उघडले. तेव्हा कळले की उत्तराची मुदत तीन दिवसांवर आली आहे. मॅडमनी त्याच संध्याकाळी तिथूनच मुदतवाढीचा अर्ज केला. काकांना फोन केला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आले, "अरे, ते रूटीन असतं, घाबरतोस काय!" घाबरायला मुदतीची तारीख ठाऊक असावी लागते, आणि नेमकी तीच तर तुम्ही लिहिली नव्हती, काका.

प्रलंबित नोटीस सोपवायची म्हणजे ती कोणत्या कलमाखाली, कोणत्या करनिर्धारण वर्षाची, कोणत्या तारखेला बजावलेली, उत्तराची शेवटची तारीख कोणती आणि आजवर काय उत्तर गेले, एवढे लिहायला हवे. दोन ओळींचे काम आहे. ते टाळल्यामुळे आमची पुढची सगळी धावपळ कागदांमागे झाली. 'व्हॅल्युएशन झालेले आहे' असे लिहिले आहे, पण नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल कुणाकडे, त्याची प्रत कुठे, याचा पत्ता नाही. तो शेवटी काकांच्या कपाटात दुसऱ्याच कुणाच्या जीएसटीच्या फाइलमध्ये सापडला. तो अहवाल नसता तर २००१ च्या १२ लाखांना आधार उरला नसता आणि सूट तर दूरच, आधी नफ्याचा आकडाच वादात पडला असता. १९९४ चा करारनामा आणि बिल्डरच्या पावत्या आमच्याजवळ होत्या म्हणून निभावले.

तरीही नोटीस परवडली, असे मी म्हणेन. ती निदान ओरडून सांगते. खरा संताप आहे तो दुसऱ्या ओळीबद्दल, 'कॅपिटल गेनचे खाते बँकेत आहे' याबद्दल, कारण त्या खात्याची मुदत संपताना कुणीही नोटीस पाठवत नाही. विक्रीपासून तीन वर्षांत, म्हणजे १८ ऑगस्ट २०२६ पर्यंत, ती रक्कम घर बांधण्यात खर्च झाली पाहिजे. उरलेली रक्कम ज्या वर्षात ती तीन वर्षे संपतात त्याच वर्षाचा भांडवली नफा म्हणून करपात्र होते, आणि आईच्या बाबतीत ते वर्ष २०२६-२७ आहे. ही तारीख त्या अर्ध्या पानावर कुठेही नाही. बिल्डरचा ताबा लांबतो आहे, हप्त्यांची मागणीपत्रे येत आहेत, आणि हे पैसे काढायचे कसे, हेही कुणी सांगितलेले नाही. पहिल्या वेळी बँकेत फॉर्म सी द्यावा लागतो, पुढच्या वेळी फॉर्म डी, आणि त्यात आधीचे पैसे कशावर खर्च झाले याचा तपशील भरावा लागतो. काढलेली रक्कम ६० दिवसांत वापरायची असते. खाते मुदत ठेवीच्या प्रकारात असेल तर आधी ते बचत प्रकारात फिरवावे लागते. शेवटी खाते बंद करण्यासाठी फॉर्म जी लागतो, आणि त्यावर करनिर्धारण अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती मंजुरी मागायला किती आधी हलायला हवे, हे ज्याने आजवर अशी खाती बंद केली त्यालाच ठाऊक असणार. पासबुकही काकांकडेच होते, ते आम्ही जाऊन आणले. त्यात एकही रक्कम काढल्याची नोंद नाही.

मॅडमनी आता तीच टिपण नव्याने लिहायला घेतली आहे. तपासणीचा आदेश ३१ मार्च २०२६ पर्यंत यायला हवा, म्हणून तो दर आठवड्याला पाहायचा. बिल्डरचा पुढचा हप्ता फॉर्म सी भरून याच खात्यातून जायला हवा. आणि जून २०२६ मध्ये ताब्याची स्थिती पाहून उरलेल्या रकमेवर किती कर लागेल, ते काढायचे. काकांच्या कागदावर वडिलांच्या नावाखालीही एक ओळ आहे, 'बाकी सर्व ठीक.' मॅडमनी त्याखाली लाल शाईने रेघ मारली असून येत्या शनिवारी वडिलांचेही `e-Proceedings` उघडायचे ठरले आहे.