वाटणीनंतरचा जॉइन

आमची कंपनी लोणची, मसाले आणि भाजण्या ऑनलाइन विकते. मी तिथे बॅकएंडचं काम करतो. आईची मात्र समजूत आहे की मी लोणच्याच्या दुकानात लागलोय. मार्च एंडच्या आसपास मलाही वाटतं की तसं असतं तर बरं झालं असतं.

यंदा एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात फायनान्सच्या मॅडमनी निरोप धाडला. "एक छोटासा रिपोर्ट हवाय. मार्चमध्ये कुठल्या शहरातून किती ऑर्डरी आल्या आणि त्यांचे किती पैसे जमा झाले. पूर्वी रोज सकाळी यायचा की!"

यायचा, खरं आहे. कारण पूर्वी सगळं एका डेटाबेसमध्ये गुण्यागोविंदानं नांदत होतं आणि रिपोर्ट म्हणजे एवढंच असायचं:

```sql
SELECT c.city, COUNT(DISTINCT o.id), SUM(p.amount)
FROM orders o
JOIN customers c ON c.id = o.customer_id
JOIN payments p ON p.order_id = o.id
WHERE o.created_at >= '2024-03-01'
  AND o.created_at <  '2024-04-01'
GROUP BY c.city;
```

मग वाटण्या झाल्या. ऑर्डरवाल्यांनी पोस्टग्रेस घेतलं, पेमेंटवाल्यांनी मायएसक्यूएल आणि ग्राहकवाल्यांनी, कुणाशीच पटत नसल्यासारखं, मोंगोडीबी. चुली वेगळ्या झाल्या आणि नियम ठरला की दुसऱ्याच्या टेबलात डोकवायचं नाही, लागेल ते एपीआयवरून मागून घ्यायचं. नियमाला कारणही होतं. एकदा ऑर्डरवाल्यांनी आपल्याच टेबलातल्या एका कॉलमचं नाव बदललं आणि रात्री बिलिंग झोपलं, कारण बिलिंग तोच कॉलम गुपचूप थेट वाचत होतं. त्यामुळे वाटणीच्या मीटिंगमध्ये मीही हौसेनं हात वर केला होता. रिपोर्ट हा शब्द त्या दिवशी कुणीच काढला नाही. सूनमुख बघायला सगळे जमले, भांडी कोण घासणार हे विचारायचं राहिलं.

तर मी स्क्रिप्ट लिहिली. ऑर्डरी ४०,००० होत्या. एपीआय एका वेळी १०० देतो, म्हणजे ४०० फेऱ्या. हे सहज झालं. मग प्रत्येक ग्राहकाचं शहर. वेगवेगळे ग्राहक ३१,००० आणि एपीआय एका वेळी एकाचीच माहिती देणार. एका हाकेला ६० मिलिसेकंद धरले तरी ३१ मिनिटं. एवढा धीर कुणाला? मी एकदम ५० हाका समांतर सोडल्या. चौथ्या मिनिटाला ग्राहक टीमच्या मित्राचा फोन आला.

"अरे, आमच्या सर्व्हिसवर हल्ला झालाय. कुणीतरी बॉट सोडलाय बहुतेक."

"काय एकेक लोक असतात," असं म्हणत मी हळूच Ctrl+C दाबलं.

दोन दिवसांनी मीच जाऊन कबुली दिली आणि एकदम २०० आयडी घेणारा एपीआय मागितला. तो मिळाल्यावर ३१,००० हाकांच्या १५५ झाल्या. हे काम खरं तर पहिल्या दिवशीच मागायचं असतं, पण शेजारी वाटी घेऊन जाण्याआधी माणूस घरातले सगळे डबे पालथे घालतोच.

डेटा आला, आणि जुळेना. २१२ ऑर्डरींना पैसेच नाहीत, आणि १८७ पेमेंटांना ऑर्डरच नाही. आम्ही पैसे आधी घेतो, उधारी नाही, म्हणजे असं होणंच शक्य नव्हतं. शेवटी एक ऑर्डर धरून बसलो. सांगलीच्या एका गृहस्थांनी १ एप्रिलला पहाटे २ वाजून १० मिनिटांनी दोन किलो मेतकूट मागवलं होतं. (त्या वेळी कुणाला मेतकूट सुचतं, हा वेगळा लेख होईल.) ऑर्डरच्या डेटाबेसमध्ये वेळ होती `2024-03-31 20:40`, कारण तिथे सगळं यूटीसीमध्ये. पेमेंटच्या डेटाबेसमध्ये `2024-04-01 02:11`, कारण तिथे सगळं भारतीय वेळेत. मेतकूट मार्चमध्ये विकलं गेलं आणि पैसे एप्रिलमध्ये आले! १ मार्चच्या पहाटेच्या मंडळींचं बरोबर उलटं: पैसे मार्चचे, ऑर्डर २९ फेब्रुवारीची. साडेपाच तासांचा फरक महिन्याच्या दोन्ही टोकांना गळत होता. त्यात पेमेंटचा एपीआय फक्त तारखेवरून विचारू देतो, ऑर्डर नंबरवरून नाही. जुन्या जॉइनला ही अडचण कधी आली नाही, कारण तो पैशाची तारीख बघतच नव्हता. ऑर्डर मार्चची ना, मग तिचे पैसे कधीही येवोत.

मार्च कसाबसा निघाला. मग मी म्हटलं, आता हे रीतसर करू. प्रत्येक सर्व्हिसनं आपल्याकडे काय घडलं ते काफ्कावर सांगायचं, मी ते ऐकून रिपोर्टसाठी माझं स्वतःचं सपाट टेबल भरायचं. कुणाच्या घरात डोकवायला नको, कुणाला हाका नकोत. थोडं शिळं असतं, दोन-तीन मिनिटं मागे, म्हणून वर 'शेवटची नोंद ११:४२' असं लिहून ठेवलं. चार दिवस स्वर्ग होता.

पाचव्या दिवशी कोल्हापूरची विक्री जवळपास दुप्पट झाली. मार्केटिंगच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले, कुणीतरी पेढेही मागवले. माझ्या पोटात गोळा आला, कारण आदल्या रात्री माझा कन्झ्युमर मधेच बंद पडून पुन्हा उठला होता. 'इथवर वाचलं' ही खूण काफ्काला द्यायच्या आतच तो पडला, म्हणून उठल्यावर तेच निरोप परत मिळाले. काफ्काची ही रीत लग्नाच्या आमंत्रणासारखी आहे, पोचलं नाही असं नको म्हणून दोनदा सांगतील. चूक माझी होती. मी प्रत्येक निरोपाला शहराच्या बेरजेत रक्कम मिळवत गेलो होतो. आता प्रत्येक पेमेंटची एकच ओळ ठेवतो, तिच्या आयडीवर युनिक बंधन आहे, आणि बेरीज वाचताना करतो. तोच निरोप दहादा आला तरी ओळ एकच. रोज पहाटे कालच्या ओळींची संख्या मूळ सर्व्हिसशी ताडून बघतो. पेढे मात्र परत घेता आले नाहीत.

नंतर नाशिकचा जुना आकडा आपोआप कमी व्हायला लागला. एक मोठा ग्राहक पुण्याला राहायला गेला होता. पत्ता बदलल्याचा निरोप आला आणि मी इमानदारीत त्याच्या सगळ्या जुन्या ऑर्डरीही पुण्याला हलवल्या. आता शहर ऑर्डरच्या ओळीतच, डिलिव्हरीच्या पिनकोडवरून, त्या क्षणी गोठवून ठेवतो.

जूनअखेर मी मोठ्या दिमाखात मॅडमना नवा रिपोर्ट दाखवायला गेलो. त्यांनी कौतुकानं पाहिलं.

"छान झालाय हो. पण माझं कालच झालं. तिन्ही टीमकडून सीएसव्ही मागवल्या आणि व्हीलूकअप लावला. एप्रिलपासून तसंच करते."

मी खुर्ची ओढून बसलो. "आणि तारखांचं काय केलंत?"

"कुठल्या तारखा?"

"म्हणजे काही ऑर्डरींना पैसे सापडत नसतील ना तुम्हाला..."

"हो, दर महिन्याला दोनेकशे तरी असतात," त्या चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या. "त्यांना मी 'इतर' शहरात टाकते."