काकांच्या गोळ्या बंद करायला लावणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

"अटॅकनंतर रडू येणं, घाबरणं हा मनाचा कमकुवतपणा. डिप्रेशनच्या गोळ्या हार्टवाल्याने घेतल्या तर दुसरा अटॅक नक्की! पूर्ण आराम द्या, आपोआप बरं होतं. सर्वांना पाठवा."

पाठवलं की. आमच्या काकांनाही आलं. स्टेंट टाकून दोन महिने झालेले, डिप्रेशनची सर्ट्रालिन ही गोळी सुरू होती, जरा कुठे झोप लागायला लागली होती आणि हे वाचून त्यांनी कोणाला न सांगता ती बंद केली. तीन-चार दिवसांत चक्कर, अस्वस्थपणा, छातीत धडधड, रात्री इमर्जन्सी. ईसीजी आणि अटॅक ओळखायची ट्रोपोनिन ही रक्ततपासणी, दोन्ही नॉर्मल. गोळी एकदम सोडल्याचा त्रास होता तो. (धडधड झाली की गोळीमुळेच असेल असं समजून घरी बसू नका हां, काकांना नेलं तेच बरोबर केलं.)

आता गोळ्यांचं. २००२ साली साडहार्ट नावाचा अभ्यास आला. अटॅक किंवा अनस्टेबल अंजायना, म्हणजे अटॅकच्या अलीकडचं छातीचं धोक्याचं दुखणं, होऊन गेलेले आणि डिप्रेशन असलेले ३६९ पेशंट, निम्म्यांना सर्ट्रालिन, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, २४ आठवडे. हृदयाच्या पंपिंगमध्ये फरक पडला नाही, आणि गंभीर हार्टचे प्रकार सर्ट्रालिनवाल्यांत जास्त झाले नाहीत.

अर्धं खरं एवढंच, की अमिट्रिप्टिलिनसारख्या डिप्रेशनच्या जुन्या गोळ्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, म्हणून अटॅकनंतर त्या टाळतात. आणि सर्ट्रालिन अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांसोबत असली की रक्तस्राव थोडा वाढू शकतो, त्यामुळे शौच काळी झाली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. पण म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची? कमीसुद्धा डॉक्टरच करतात, हळूहळू.

कमकुवतपणा म्हणे! अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला पूर्ण डिप्रेशन असतं, नुसती उदासी त्याहून जास्त जणांना. पहिले काही दिवस रडू येणं समजण्यासारखं आहे, पण दोन आठवड्यांहून जास्त रोज उदास वाटतंय, कशात रस नाही, असं असेल तर सांगायलाच हवं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे कसले मोजता, त्याच दिवशी. अशी माणसं रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकवतात, चालणं सोडतात, आणि डिप्रेशन असलेल्यांत पुढे मृत्यूचं प्रमाणही जास्त दिसतं. डिप्रेशनवर उपचार केले की आयुष्य वाढतंच असं मात्र मी म्हणणार नाही, एका मोठ्या अभ्यासात समुपदेशनाने मन सुधारलं पण मृत्यू कमी झाले नाहीत. मन सुधारलं हे काय कमी आहे का?

आणि "पूर्ण आराम". काका जिन्याला घाबरायचे, दम लागला की "आला दुसरा". कार्डियाक रिहॅबमध्ये, म्हणजे अटॅकनंतर देखरेखीखाली व्यायाम करून घेतात तिथे, मॉनिटर लावून चालवलं, ठोके वाढताना आणि परत खाली येताना त्यांनी स्वतः स्क्रीनवर बघितले, तेव्हा कुठे भीती ओसरायला लागली. खाटेवर पडून ती वाढतच होती.

गोळी आता परत सुरू आहे, डॉक्टरांनी सांगितली तशी. आणि त्या ग्रुपचं नोटिफिकेशन मी काकांच्या फोनवर म्यूट केलंय.