महोदय की महोदया?

वडिलांच्या जन्मनोंदीचा उतारा महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेतून मागवायचा होता. इंदूरमध्ये जन्म गेला असल्यामुळे माझे सगळे सरकारी अर्ज आजवर ‘सेवा में’ने सुरू होऊन ‘प्रार्थी’ने संपले आहेत. मराठीत अर्ज करण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मी आत्मविश्वासाने ‘सेवेत,’ असे लिहिले. रामबागेतून सकाळी आलेल्या आत्याने ते वाचून विचारले, “का रे, नोकरीला लागलास का तिथं?”

‘सेवेत’ खोडून ‘प्रति,’ आले, पण कोणाप्रति? आधी मी ‘मा. आयुक्त’ असे लिहिले. आयुक्त महानगरपालिकेत असतात, नगरपरिषदेचा कारभार मुख्याधिकारी पाहतात, हे कळल्यावर मी त्यांना मुख्याधिकारी केले. मग लक्षात आले की उतारा देण्याचे काम जन्म-मृत्यू नोंदणीच्या निबंधकाचे आहे. सकाळी आयुक्त असलेला तो अज्ञात अधिकारी अशा रीतीने दुपारच्या जेवणापर्यंत दोन पायऱ्या उतरला होता.

तो कोण, हे मात्र अजून कळलेले नव्हते. ‘मा. श्री. निबंधक’ असे लिहिल्यावर आत्या म्हणाली, “आणि त्या जागी बाई असल्या तर?” ‘श्री.’ गेले. नाव माहीत नसेल तर शोधत बसू नये, पदनामच लिहावे, कारण माणसाची बदली होते आणि खुर्ची जागेवर राहते, हे तिने जिल्हा कचेरीतल्या तीस वर्षांच्या नोकरीच्या जोरावर सांगितले. नावाने पाठवलेला अर्ज खासगी पत्र समजून कोणी न फोडता बाजूला ठेवला, तर तक्रार कोणाकडे करणार? मायन्यात ‘महोदय/महोदया’ असे तिरकी रेघ मारून लिहिले. खरे तर ती रेघ मला फार उद्धट वाटली होती, जणू समोरच्याला ‘तुमचे तुम्ही ठरवा’ असे सांगितल्यासारखी.

शेवटाला सर्वांत जास्त वेळ गेला. ‘कळावे, लोभ असावा’ हे निबंधकांकडून फारच मागणे झाले असते, आणि ‘आपला आज्ञाधारक’ मी शाळेनंतर कोणाचाच राहिलेलो नाही. ‘भवदीय’ चालले असते, पण त्यात मला पुन्हा ‘प्रार्थी’चाच वास आला. अखेर ‘आपला विश्वासू’ ठरले, आणि सहीखाली कंसात ‘अर्जदार’, म्हणजे विश्वास बाजूला ठेवला तरी मी कोण, हे कळावे.

तीन आठवड्यांनी उतारा आला. सोबतच्या छापील पत्रावर ‘श्री./श्रीमती’ यांतले काहीही न खोडता पुढे माझे नाव लिहिले होते. तळाशी एक वेटोळेदार सही होती आणि तिच्याखाली शिक्का: ‘निबंधक करिता’.

आत्याने चष्मा लावून ती सही बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, “बाईच असावी.”