साका लागलेलं उत्तर

आंब्याचा ऑनलाइन धंदा सुरू केलात, पेज काढलंत, पेटीला केशरी रिबन बांधून फोटो टाकलात. आणि ऐन अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी त्याच फोटोखाली एका ताईंनी लिहिलं: "डझनाचे 1200 घेतलेत. पाहुण्यांसमोर कापले तर बारातले पाच आतून पांढरे, आंबट. तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. हा म्हणे देवगड!"

उत्तराचा पहिला खर्डा रागातच लिहावा, नाहीतर नंतर पुसायचं काय? माझ्या भाच्याने लिहिला तो असा: "मॅडम, आंबा देवगडचाच आहे, ओळखता येत नसेल तर आमचा इलाज नाही. याला साका म्हणतात, तो कापल्याशिवाय कळत नाही. आणि पेटी आली तेव्हा तुम्ही दोन दिवस गावाला होता, 304 मधल्या काकूंकडे ठेवावी लागली."

आता याला शांत, मदतशील आणि चारचौघांत शोभेल असं करायचं आहे. यात कामाचं वाक्य एकच, साक्याचं. हापूस वरून पिवळाधमक असतो आणि आत गर स्पंजासारखा निघतो, हे विकणाऱ्यालाही आधी दिसत नाही. ते वाक्य आधी खोडा. खरं कारण कळलं तर गिऱ्हाईक शांत होण्याचा धोका असतो. ताई घर बंद ठेवून गावाला जातात आणि पेटी 304 मध्ये राहते, ही माहिती मात्र राहू द्यायला हरकत नाही. पेजवर चोरही येत असतील, त्यांनाही सेवा मिळावी. (वकील मेव्हणा ओरडला म्हणून आम्ही काढली. मेव्हण्यांना धंदा कळत नाही.)

पुढचं काम नाजूक आहे. "पाच आंबे खराब निघाले" याचं "आपला अनुभव" करा. "फोन उचलला नाही" याचं "संपर्काबाबतची बाब" करा. माफी मागायचीच असेल तर "असल्यास" हा शब्द विसरू नका: "गैरसोय वाटली असल्यास दिलगीर आहोत." आंबा आंबट होता की नाही, हा प्रश्न त्या एका शब्दाने ताईंच्या जिभेवर ढकलला जातो. शेवटी हात जोडलेली इमोजी. तयार झालेलं उत्तर प्रेशर कुकरच्या तक्रारीखालीही चालेल का, हे तपासा. चालत असेल तर सांभाळून ठेवा आणि प्रत्येक तक्रारीखाली तेच चिकटवा. खाली सरकत जाणाऱ्याला तेच वाक्य चौथ्यांदा दिसतं, तेव्हा आपण किती शिस्तीचे आहोत हे त्याच्या लक्षात येतं.

एवढ्यावर भागलं नाही तर कमेंट लपवा. फेसबुकवर ही सोय फार गोड आहे. लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. म्हणजे जे ताईंना ओळखतात, ज्यांचा त्यांच्यावर विश्वास आहे, तेवढेच ती वाचतात. स्वतःचं उत्तर गुपचूप बदलायचं असेल तर तेही बिनधास्त बदला. शेजारी "संपादित" असं दिसतं आणि त्यावर बोट ठेवलं की आधीचा मजकूरही निघतो. 304 मधल्या काकूंसकट.

आमच्या बायकोने मध्येच एक उत्तर लिहून ठेवलं होतं. कसं लिहू नये याचा नमुना म्हणून देतो:

"ताई, सणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर असं झालं, माफ करा. गर पांढरा आणि आंबट म्हणजे साका असावा, तो बाहेरून आम्हालाही दिसत नाही, पण पैसे तुम्ही चांगल्या आंब्याचे दिलेत. कापलेल्या फोडींचा फोटो आणि ऑर्डर नंबर पेजच्या मेसेजमध्ये पाठवा, इथे फोन नंबर लिहू नका. फोटो पाहून पाच आंब्यांचे 500 रुपये परत करू. सणाच्या गर्दीत फोनवर कुणी नव्हतं, ती चूक आमची. उद्या 11 च्या आत मीच फोन करते."

बघा, किती अडकली! आकडा दिला, वेळ दिली, चूक कबूल केली. "पूर्ण समाधान करू" असं मोघम लिहिलं असतं तर पाचशेही वाचले असते आणि अकराचं बंधनही नसतं. आणि ताई देवगडवर घसरल्या, त्यावर चकार शब्द नाही! मी ते खोडून आपलं दिलगिरीचं उत्तर टाकलं.

थोड्याच वेळात ताईंना आणखी एक उत्तर आलं. आमचाच लोगो, आमचंच नाव, फक्त शेवटी एक जादा टिंब. "ताई, फार वाईट वाटलं. 1200 रुपये आत्ताच परत करतो, या नंबरवर फोन करा."

ताईंनी फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला म्हणे.